मेसेजवर बँकेचं नाव आहे म्हणून तो बँकेचाच, हे आता डोक्यातून काढा

मित्रांनो, पोस्ट मोठी आहे. पण ज्याचा मोबाईल नंबर बँक खात्याला जोडलेला आहे, त्याने दहा मिनिटं काढून वाचावीच. फोनमधलं एक बटण बंद करायचं आहे. ते का बंद करायचं, हे समजलं तरच तुम्ही बंद कराल, म्हणून सविस्तर लिहितोय.

परवा बसस्टँडजवळ चहाच्या टपरीवर एका ओळखीच्या काकांनी फोन पुढे केला. "भाऊ, इथे वर फोर-जी असतं ना, मधूनच नुसतं E येतं. हे काय?" मी म्हटलं, काका, बहुतेक वेळा काही नसतं, टॉवरची लाईट गेली असेल. उत्तर खोटं नव्हतं, पण अर्धवट होतं. उरलेलं इथे लिहितो.

आधी एक स्पष्ट करतो. यावलमध्ये कुणी खोटा टॉवर लावला, असं मी म्हणत नाहीये. उद्या या पोस्टचा स्क्रीनशॉट फिरवून कुणी "यावलला नकली टॉवर सापडला" अशी पुडी सोडू नका. पण हा प्रकार जगात सुरू आहे, पकडला गेला आहे, त्यात शिक्षा झाली आहे. आणि त्यातून जसा मेसेज येतो, तसल्या मेसेजला आपल्याकडची माणसं रोज फसतात.

बँकॉकची व्हॅन

नोव्हेंबर २०२४. थायलंडच्या बँकॉक शहरातला सुखुमवित रोड, म्हणजे तिथला एकदम गजबजलेला भाग. एक व्हॅन त्या रस्त्याने फिरत होती. आत एक यंत्र होतं. पोलिसांनी व्हॅन पकडली तेव्हा कळलं की तीन दिवसांत या एका गाडीतून जवळपास दहा लाख एसएमएस गेले होते. यंत्राची पोहोच साधारण तीन किलोमीटर आणि वेग तासाला एक लाख मेसेजचा होता.

मेसेज काय होता? तुमचे पॉइंट संपत आलेत, लवकर गिफ्ट घ्या, आणि खाली लिंक. लिंक उघडली की मोबाईल कंपनीच्या साईटसारखीच दिसणारी खोटी साईट, तिथे कार्डाचा नंबर टाकायचा.

ओळखीचं वाटतंय ना? "तुमचे रिवॉर्ड पॉइंट आज रात्री संपणार" हा मेसेज आपल्यापैकी किती जणांना आला असेल! फरक इतकाच की आपल्याकडे तो बहुतेक वेळा साध्या दहा आकडी नंबरवरून किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर येतो, आणि नंबर बघून शहाणा माणूस ओळखतो. व्हॅनमधल्या यंत्रातून आलेल्या मेसेजवर मात्र नाव हवं ते टाकता येतं.

पॅरिसमध्ये ३० डिसेंबर २०२२ ला पोलिसांनी नेहमीच्या नाकाबंदीत एक गाडी थांबवली. आत वायरी जोडलेला खोका होता. पोलिसांना आधी बॉम्ब वाटला. निघालं हेच यंत्र. त्यातून तिथल्या सरकारी आरोग्य विम्याच्या नावाने मेसेज जात होते. लंडनमध्ये मार्च २०२५ मध्ये एक विद्यार्थी असंच यंत्र गाडीत ठेवून शहरभर फिरत होता. जूनमध्ये कोर्टाने त्याला वर्षाहून जास्त कैद सुनावली.

या सगळ्यांच्या यंत्राला इंग्रजीत एसएमएस ब्लास्टर म्हणतात. आपण सरळ खोटा टॉवर म्हणू.

फोन खोट्या टॉवरला भुलतो कसा?

तुमचा फोन खिशात असतानाही सतत आजूबाजूच्या टॉवरचा कानोसा घेत असतो. ज्याचा सिग्नल जोरात, त्याच्याकडे जायचा त्याचा कल असतो. चांगली सोय आहे. म्हणूनच भुसावळहून यावलला येताना गाडीत बोलता बोलता कॉल तुटत नाही. पण याच सोयीचा फायदा खोटा टॉवर घेतो. तो तुमच्या पन्नास-शंभर फुटांवर, गाडीत असतो. खरा टॉवर तिकडे लांब असतो. जवळच्याचा आवाज मोठा येणारच.

आता प्रश्न असा, की फोन त्या टॉवरला "तू कोण?" असं विचारत नाही का?

इथे २जी आणि ४जी यांच्यात मोठा फरक आहे. आपल्या देशात मोबाईलवरचा पहिला कॉल ३१ जुलै १९९५ ला झाला. ते २जीचं तंत्र त्याच्याही आधीचं, ऐंशीच्या दशकात आखलेलं. तेव्हा कंपन्यांना काळजी एकच होती, की कुणी फुकट कॉल करू नये. म्हणून टॉवर फोनची ओळख तपासतो, सिमकार्डमधली गुप्त किल्ली बरोबर आहे का बघतो. फोनने टॉवरची ओळख तपासायची सोय त्यात ठेवलीच नाही. टॉवरचं यंत्र लाखो रुपयांचं, ते कोण नकली बनवणार, असा तेव्हाचा विचार.

आपल्या केळीच्या भाषेत सांगतो. व्यापारी शेतकऱ्याकडे सातबारा मागतो, आधार मागतो, पासबुक मागतो. शेतकऱ्याला मात्र व्यापाऱ्याचं लायसन बघायची मुभाच नाही. माल भरून ट्रक गेला की मग कळतं माणूस खरा होता की नाही. २जी म्हणजे हा असला सौदा आहे.

पुढे ३जी आलं तेव्हा ही चूक दुरुस्त झाली. ३जी, ४जी आणि ५जीमध्ये फोनही टॉवरची परीक्षा घेतो. खरी किल्ली कंपनीकडेच असते, त्यामुळे खोटा टॉवर या परीक्षेत नापास होतो.

मग ४जी, ५जीवाले आपण सुरक्षितच की! इथेच मेख आहे.

परीक्षा सुरू होण्याच्या आधी फोन आणि टॉवर यांच्यात थोडं बोलणं होतं. ते बोलणं तपासलेलं नसतं, कारण ओळख पटायच्या आधीचं असतं. त्यात टॉवर फोनला सांगू शकतो की "या भागात तुला ४जी मिळणार नाही, दुसरीकडे बघ." याची खरी गरजही असते. समजा तुमच्या सिमला एखाद्या भागात परवानगी नसेल, तर खऱ्या टॉवरलाही हे सांगावंच लागतं. खोटा टॉवर तेवढंच वाक्य बोलतो. तो ४जीचं कुलूप फोडत नाही, नुसतं "हे दार बंद आहे, मागच्या दाराने ये" म्हणतो. फोन बिचारा मागच्या दाराला, म्हणजे २जीला जातो. तिथे त्याच माणसाचा दुसरा, २जीचा टॉवर उभा असतो, आणि २जीमध्ये फोन ओळख विचारत नाही.

आणखी एक. २जीमध्ये बोलणं गुप्त ठेवायचं की उघडं, हेही टॉवर ठरवतो. खोटा टॉवर म्हणतो "उघडंच राहू दे", फोन ते मुकाट्याने मान्य करतो.

मग मेसेज फोनमध्ये टाकला जातो आणि फोन सोडून दिला जातो. तो परत खऱ्या ४जीवर येतो. सगळा खेळ काही सेकंदांचा. तेवढ्या वेळात तुम्ही चहाचा घोटसुद्धा संपवत नाही.

आपल्याकडच्या सगळ्या चाळण्या बाजूला राहतात

माझ्या मते या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हा आहे.

गेल्या काही वर्षांत ट्रायने एसएमएसवर बरीच बंधनं आणली. बँकेला, कंपनीला मेसेज पाठवायचा तर आधी नाव नोंदवावं लागतं. मेसेजचा नमुना नोंदवावा लागतो. ऑक्टोबर २०२४ पासून मेसेजमधली लिंकही आधी मंजूर करून घ्यावी लागते. २०२५ पासून पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी एक अक्षर येतं. P म्हणजे जाहिरात, S म्हणजे सेवा, T म्हणजे व्यवहार, G म्हणजे सरकारी. तुमच्या इनबॉक्समध्ये बघा, नावाच्या शेवटी -S, -T असं दिसेल. चांगलं काम आहे, मी स्वतः यावर लिहिलं होतं, की शेवटचं अक्षर बघून मेसेज ओळखा.

पण या सगळ्या चाळण्या कुठे बसवल्या आहेत? मोबाईल कंपनीच्या यंत्रणेत. खोट्या टॉवरचा मेसेज कंपनीच्या यंत्रणेत जातच नाही. तो गाडीतून निघतो आणि थेट तुमच्या फोनमध्ये पडतो. त्याला ना नोंदणी लागते, ना लिंकची मंजुरी. पाठवणाऱ्याच्या जागी तो तुमच्या बँकेचं तंतोतंत तेच नाव, शेवटच्या -S सकट, लिहू शकतो.

आता पुढचं नीट वाचा. तुमचा फोन मेसेजेस नावाप्रमाणे एकत्र लावतो. त्यामुळे हा खोटा मेसेज वेगळा दिसत नाही. बँकेचे आधीचे खरे मेसेज ज्या रांगेत आहेत, त्याच रांगेत तो सगळ्यात खाली येऊन बसतो. वर कालचा "खात्यात ४२,००० जमा" हा खरा मेसेज, आणि त्याखाली "केवायसी अपूर्ण, खाते बंद होईल, इथे क्लिक करा" हा खोटा. फोन दोन्ही मेसेज एकाच माणसाचे म्हणून दाखवतो. तुम्ही का संशय घ्याल?

"शेवटचं अक्षर बघा" हा माझा जुना सल्ला अर्धवट होता, हे आज मान्य करतो. अक्षर नसेल तर मेसेज नक्की संशयास्पद. पण अक्षर आहे म्हणून मेसेज खरा, हे म्हणता येत नाही.

समजा, मनुदेवीच्या वाटेवर

एक काल्पनिक प्रसंग घेऊ. नवरात्र आहे. आडगावच्या मनुदेवीला गर्दी उसळली आहे. पार्किंगमध्ये शंभर गाड्या, त्यातल्या एकीत हे यंत्र.

दर्शनाच्या रांगेत एक ताई उभ्या आहेत. फोनवर ४जी दिसतंय. अचानक ४जी जाऊन E येतं. व्हिडिओ अडकतो. त्यांना वाटतं गर्दीमुळे असेल, आणि गर्दीत तसं होतंही. काही सेकंदांनी मेसेज येतो, बँकेच्या नावाने, बँकेच्याच रांगेत. त्यात लिंक. पुन्हा ४जी येतं. शेजारच्या बाईंनाही त्याच मिनिटाला तोच मेसेज. त्यांचं तर त्या बँकेत खातंच नाही.

या प्रसंगात तीन खुणा आहेत, त्या लक्षात ठेवा. एक, जिथे ४जी-५जी नेहमी चांगलं चालतं तिथे अचानक काही क्षण E, G किंवा 2G दिसणं. दोन, त्याच वेळी लिंक किंवा फोन नंबर असलेला, घाई करायला लावणारा मेसेज. तीन, आजूबाजूच्या लोकांना एकाच वेळी तोच मेसेज, खातं असो वा नसो. यातली एकटी पहिली खूण काहीच सिद्ध करत नाही. तिन्ही जुळल्या तर मात्र दाट संशय घ्या.

आणि इथपर्यंत ताईंचा एक रुपयाही गेलेला नाही, हेही लक्षात घ्या. खोटा टॉवर तुमचं यूपीआय उघडू शकत नाही, व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज वाचू शकत नाही, कारण त्यांचं कुलूप वेगळं, अ‍ॅपच्या आत असतं. पैसे जातात ते लिंक उघडून माहिती भरल्यावर किंवा एपीके फाईल टाकून घेतल्यावर. म्हणजे शेवटचं दार अजून तुमच्याच हातात आहे.

पण २जीचा धोका मेसेजपुरता नाही

२जीचं जे कुलूप आहे, तेही जुनं झालंय. डिसेंबर २००९ मध्ये बर्लिनच्या एका परिषदेत कार्स्टन नोल या जर्मन संशोधकाने ते कसं उघडता येतं हे जगासमोर मांडलं. म्हणजे खोटा टॉवर न लावताही, नुसतं हवेतलं ऐकून २जीवरचं बोलणं आणि एसएमएस पकडता येतात.

महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. एप्रिल २०१० मध्ये 'आउटलुक' साप्ताहिकाने बातमी छापली होती, की मोबाईल कंपनीकडे न जाता थेट हवेतून कॉल पकडणाऱ्या यंत्रांनी देशातल्या काही नेत्यांचे फोन ऐकले गेले. त्यात शरद पवारांचं नाव होतं. संसदेत गदारोळ झाला, तेव्हाचे गृहमंत्री चिदंबरम यांनी आरोप नाकारला. खरं-खोटं त्या वेळच्या लोकांवर सोडू. पण त्या वेळी माझ्यासारख्या पत्रकारांना पहिल्यांदा कळलं, की फोन ऐकायला कंपनीची वायर लागतेच असं नाही.

आणि सामान्य माणसाचं काय झालं ते चीनच्या शेनझेन शहरातून ऐका. २०१८ च्या उन्हाळ्यात एका व्यक्तीला पहाटे जाग आली. फोनवर शंभराहून जास्त ओटीपीचे मेसेज येऊन पडले होते. ओटीपी कुणाला सांगितला नव्हता, लिंक दाबली नव्हती. झोपेत असताना २जीवरचे ओटीपी हवेतून उचलून चोरांनी पैसे काढले, वर कर्जही घेतलं. म्हणून "मी कुणाला ओटीपी सांगत नाही, मला काय भीती" हे बोलणं २जीवर पूर्ण खरं राहत नाही.

आता काय करायचं, क्रमाने

पहिलं काम VoLTE चालू करा. आपल्या भागात हे सगळ्यात जास्त राहून जातं. एअरटेल, व्हीआयसारख्या कंपन्यांच्या सिमवर VoLTE बंद असेल तर इंटरनेट ४जीवर चालतं, पण कॉल आला की फोन खाली २जीवर उतरतो. म्हणजे खोटा टॉवर नसतानाही तुम्ही दिवसातून दहा वेळा आपणहून मागच्या दाराने जाता. सेटिंगमध्ये सिमच्या पानावर VoLTE किंवा 4G Calling असं बटण असतं. चालू करा, मग एक कॉल लावून वर बघा. कॉल चालू असताना ४जीच राहिलं पाहिजे.

दुसरं काम २जी बंद करा. अँड्रॉइड १२ पासून पुढच्या बऱ्याच फोनमध्ये Allow 2G असं बटण आहे. साधारण वाट अशी:

Settings → Network & internet → SIMs → तुमचं सिम → Allow 2G

सॅमसंगमध्ये Connections → Mobile networks इथे Allow 2G service असं मिळेल. फोनमध्ये दोन सिम असतील तर दोन्ही सिमसाठी वेगवेगळं बघा. एक बंद केलं आणि दुसरं उघडं राहिलं, असं होऊ देऊ नका. सेटिंगच्या वरच्या शोधात नुसतं 2G टाईप केलं तरी बहुतेक वेळा सापडतं.

आयफोनमध्ये असं वेगळं बटण नाही. तिथे iOS 17 पासून Lockdown Mode चालू केला की २जी बंद होतं. पण त्याने मेसेजमधल्या बऱ्याच फाईल, लिंकचे प्रिव्ह्यू वगैरेही बंद होतात. रोजच्या वापरात तो प्रत्येकाला झेपेल असं नाही.

"मग ११२ लागेल का?" हा प्रश्न येणारच. अँड्रॉइडचं हे बटण बंद असलं तरी आणीबाणीचा कॉल २जीवरून जाऊ देतात, तशी सोय ठेवलेली आहे. पण काही जण यूट्यूब बघून *#*#4636#*#* दाबतात आणि LTE only करून ठेवतात. ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या फोनवर करू नका. VoLTE नीट चालत नसेल तर साधा कॉलही लागणार नाही, आणि कारण कुणाला कळणार नाही.

तिसरं काम दोन-चार दिवस तपासा. बटण बंद करून नेहमीच्या जागी फिरा. घर, शेत, मळ्यातलं पंपघर, दुकान. सगळीकडे नेटवर्क राहिलं तर तसंच ठेवा. जिओवाल्यांनी तर विचारच करू नये. जिओचं २जी मुळातच नाही, त्यामुळे बंद केल्याने काही तोटा नाही. उलट जिओच्या सिमवर E किंवा G दिसलं, तर दोनदा बघा.

आता सातपुड्याच्या पायथ्याचे आणि वरच्या पाड्यांवरचे वाचक म्हणतील, आमच्याकडे तर २जीवरच कॉल लागतो. बरोबर आहे. तुम्ही बंद करू नका. पावसाळ्यात कुणाला साप चावला तर फोन लागणं जास्त महत्त्वाचं आहे. यावलला, फैजपूरला, भुसावळला बाजाराला येताना बंद करा, घरी जाताना चालू करा. ते जमत नसेल तर निदान पुढचं चौथं काम करा.

चौथं काम बँकेच्या नंबराचं आहे. आपल्याकडे कितीतरी घरांत बँकेला जोडलेला नंबर आजोबांच्या जुन्या कीपॅड फोनमध्ये असतो. "साधा फोन आहे, त्यात कोण घुसणार?" असं समजून. पण जुना कीपॅड फोन कायम २जीवरच असतो, आणि त्याला बंद करायचं बटणही नसतं. लिंक त्यात उघडत नाही हे खरं, पण ओटीपी त्याच उघड्या वाटेने येतो. ते सिम २जी बंद केलेल्या फोनमध्ये टाका, किंवा आजोबांना ४जीवाला कीपॅड फोन घेऊन द्या. तोही हजार-दीड हजारात मिळतो.

पाचवं काम सगळ्यांसाठी, फोन कोणताही असो. मेसेजमधून बँकेत जायचं नाही. लिंक असो की फोन नंबर. बँकेचं काम असेल तर आपणहून अ‍ॅप उघडा, किंवा पासबुकवरच्या नंबरवर फोन करा, किंवा शाखेत जा. रिझर्व्ह बँकेने बँकांना आपल्या वेबसाईट .bank.in या शेवटाच्या पत्त्यावर न्यायला लावलं आहे. पत्त्याचा शेवट तो नसेल तर पुढे जाऊच नका.

संशय आलाच तर

मेसेज डिलीट करू नका. स्क्रीनशॉट काढा. वेळ आणि नेमकी जागा लिहून ठेवा, "बाजारात" असं नको, "अमुक दुकानासमोर, सव्वाअकरा" असं. शेजारच्या दोघांना तोच मेसेज आला का विचारा. मग संचार साथीच्या अ‍ॅपवर किंवा वेबसाईटवर 'चक्षू' मध्ये नोंदवा. पैसे गेले असतील तर क्षणाचाही उशीर न करता १९३०.

वेळ आणि जागा का महत्त्वाची? कारण खोट्या टॉवरच्या मेसेजची कंपनीकडे नोंदच नसते. कंपनी म्हणेल "आमच्याकडून असा मेसेज गेलाच नाही." लोक यावर चिडतात. पण तो नकार म्हणजेच पुरावा आहे. मेसेज फोनमध्ये आहे आणि कंपनीच्या वहीत नाही, म्हणजे तो मधल्या वाटेने आला. एकाच जागेच्या, एकाच वेळेच्या पाच तक्रारी आल्या तर गाडी शोधता येते. बँकॉकची व्हॅन मोबाईल कंपनी आणि पोलिसांनी मिळूनच गाठली.

कायदाही आहे. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात परवानगीशिवाय असं नेटवर्क उभारणं आणि दुसऱ्याच्या फोनवरचं बेकायदा पकडणं, याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटींपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. फक्त ठाण्यात तक्रार घेऊन गेलेल्या माणसाला "तू लिंक का दाबली?" एवढंच विचारून परत पाठवू नये. मेसेज कुठे आणि किती वाजता आला, हे विचारलं गेलं पाहिजे.

माझं म्हणणं

अधूनमधून चर्चा होते की देशातलं २जी पूर्ण बंदच करा. मला ते पटत नाही. ज्या पाड्यावर दुसरं काही पोचलेलं नाही, ज्या म्हातारीला हजाराचा फोनही जड आहे, तिचा फोन मुका करून आपण सुरक्षित व्हायचं, हा न्याय नव्हे. टॉवरवरचं २जी राहू द्या. पण ज्या फोनला त्याची गरज नाही, त्या फोनमध्ये ते उघडं का? यावल शहरातल्या ५जी फोनला मागचं दार कशाला हवं?

म्हणून तीन मागण्या. एक, फोन बनवणाऱ्यांनी २जी बंद करायचं बटण महागड्या फोनपुरतं ठेवू नये. आपल्याकडे विकला जाणारा दहा हजारांचा फोन घ्या, कितीतरी मॉडेलमध्ये ते मिळत नाही. सरकारने ते सक्तीचं करावं. दोन, बँकांनी एसएमएसमध्ये लिंक पाठवणं पूर्ण थांबवावं. बँकच लिंक पाठवत राहिली तर ग्राहकाला "लिंक दाबू नका" सांगायचा तिला काय अधिकार? तीन, मोबाईल कंपन्यांनी लक्ष ठेवावं. एकाच जागेवरचे शेकडो फोन एकदम गायब होऊन काही सेकंदांनी परत येतात, हे त्यांच्या यंत्रणेत उमटतं. ते बघून पोलिसांना कळवायचं काम ग्राहकाचं नाही, त्यांचं आहे.

हे होईल तेव्हा होईल. तोवर आपलं बटण आपल्या हातात आहे.

त्या काकांना मी दुसऱ्या दिवशी परत गाठलं. त्यांच्या फोनमध्ये VoLTE बंद होतं. E यायचं कारण तेच निघालं, प्रत्येक कॉलला फोन २जीवर उतरत होता. चालू करून दिलं, २जी बंद केलं. दोन मिनिटं लागली. काका म्हणाले, "एवढंच होतं तर दुकानदाराने फोन देतानाच का नाही केलं?"

यावलच्या, फैजपूरच्या, सावद्याच्या मोबाईल दुकानदार भावांनो, हा प्रश्न तुम्हाला आहे. फोन विकताना काच लावून देता, कव्हर देता, जुने फोटो टाकून देता. त्यासोबत VoLTE चालू आणि २जी बंद, एवढं करून द्या.

आज घरी गेल्यावर आधी आईचा, वडिलांचा फोन घ्या आणि बघा. बटण सापडलं नाही तर फोनचं मॉडेल खाली कमेंटमध्ये टाका. मला माहीत असेल तर मी सांगेन, नाहीतर आपल्यातलं कुणीतरी सांगेलच. बँक खात्याचा नंबर मात्र कमेंटमध्ये टाकू नका, गेल्या वेळी एकाने टाकला होता.